पाठदुखी, ताप आणि जड पडणारे पाय : मणक्यातला पू वेळीच ओळखा

पनवेलमध्ये पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात पाठ-कंबर धरलेल्या लोकांची रांग लागते. रस्त्यातले खड्डे, लोकलची गर्दी, ओल्या पायऱ्यांवरून घसरणं, भाताची लावणी, कारणं हजार. यातल्या बहुतेकांची पाठ काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत बरी होते, आणि त्यांना एमआरआयची काहीही गरज नसते. हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी घाबरून उद्या एमआरआय सेंटरसमोर उभं राहू नये.

पण या रांगेत क्वचित एखादा माणूस असा असतो, ज्याच्या पाठदुखीच्या मागे मणक्याच्या आत साठत चाललेला पू असतो. तो दिसायला इतरांसारखाच असतो. त्याच्याकडे काही दिवस असतात, आणि शेवटी शेवटी काही तासच. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले. त्यातला एक माझ्या हातून निसटला. आज त्याच्याबद्दल लिहितोय. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

बारा दिवसांची गोष्ट

हे गृहस्थ रिक्षा चालवायचे. वय ५४, दहा वर्षांचा मधुमेह, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. एका सोमवारी संध्याकाळी आले. "डॉक्टर, पाठीत उसण भरली आहे, सुई मारा." दुखत होतं पाठीच्या मधोमध, खांद्यांच्या फऱ्यांच्या थोडं खाली. दिवसभर खड्ड्यांतून रिक्षा चालवणाऱ्या माणसाची पाठ दुखणारच, असं मलाही वाटलं. शुगर तपासली तर ३१० निघाली. मी त्यांना पथ्यावरून चार शब्द ऐकवले, वेदनाशामक इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि तीन दिवस आराम करायला सांगितलं.

शुगर अचानक इतकी का वाढली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मधुमेही माणसाच्या अंगात कुठे जंतुसंसर्ग असेल तर शुगर वाढते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. त्यांच्या मानेमागे एक पट्टी चिकटवलेली होती. ते म्हणाले, "केसतोड झालं होतं, घरीच दाबून काढलं, बरं झालं आता." मी पट्टी उघडून पाहिली नाही.

गुरुवारी दुखणं वाढलं तेव्हा ते घराजवळ दुसरीकडे गेले. तिथे दिलेल्या इंजेक्शनने दोन दिवस अगदी हलकं वाटलं. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर कागदावरून कळलं. स्टेरॉइडने सूज आणि ताप दोन्ही दबतात, माणसाला बरं वाटतं, शुगर आणखी चढते, आणि जंतूंना मात्र मोकळं रान मिळतं.

पुढच्या सोमवारी, म्हणजे आठव्या दिवशी, ते पुन्हा माझ्याकडे आले. आता दुखणं पाठीतून दोन्ही बाजूंनी छातीच्या खालच्या भागात येत होतं. "कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं होतं, खोकलं की कळ जाते." मधुमेही माणूस आणि छातीत आवळतंय म्हटल्यावर मी लगेच ईसीजी काढला. तो नॉर्मल आला. मला हायसं वाटलं, त्यांनाही वाटलं. हृदय ठीक आहे एवढं ऐकून आम्ही दोघंही थांबलो. मग ती कळ कुठून येत होती? ती येत होती मणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसांमधून. त्या नसा पाठीतून निघून बरगड्यांच्या बाजूने पुढे येतात, म्हणून कळ पट्ट्यासारखी फिरते.

दहाव्या दिवशी, बुधवारी, त्यांच्या पत्नी सोबत आल्या. त्या म्हणाल्या, "अहो डॉक्टर, यांची चप्पल जिन्यात निघून पडते आणि यांना कळतसुद्धा नाही." पाय जड झाले होते. आता मी सावध झालो आणि एमआरआय सांगितला. पण चिठ्ठीवर लिहिलं कंबरेच्या मणक्याचा. पाय म्हणजे कंबर, अशी सवयीने हाताने केलेली चूक. चिठ्ठीवर 'तातडीचं' असंही लिहिलं नाही. सेंटरने शुक्रवारी सकाळची वेळ दिली.

गुरुवारी रात्री लघवी होईना. घरच्यांना वाटलं, या वयात प्रोस्टेटचा त्रास असेल. सकाळी एमआरआय आहेच, तेव्हा डॉक्टरांना सांगू. शुक्रवारी पहाटे चारच्या सुमारास ते उठायला गेले, तेव्हा पाय हलत नव्हते. रिक्षात उचलून घालून त्यांना सेंटरवर नेलं. कंबरेचा एमआरआय झाला. रेडिओलॉजिस्ट तरुण होते, पण हुशार. त्यांनी मला फोन केला, "सर, पेशंटचे पाय पूर्ण गेलेत आणि कंबरेत तर काहीच नाही. वरचा भाग बघू का?" मी म्हटलं, ताबडतोब बघा, पूर्ण मणका बघा.

पाठीच्या पाचव्या ते आठव्या मणक्यापर्यंत, मज्जारज्जूच्या मागे, पूची लांबट पिशवी होती आणि तिने मज्जारज्जू पुढच्या बाजूला दाबून चपटा केला होता. मूत्राशयात नळी घातली तेव्हा ९०० मिली लघवी निघाली. नवी मुंबईत खाट, सर्जन आणि भूलतज्ज्ञ जुळेपर्यंत रात्र झाली. अकरा वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली. पाय गेल्यापासून १९ तास उलटले होते.

ते वाचले. काही महिन्यांनी पायांना थोडा स्पर्श कळायला लागला. पण पाय पुन्हा उभे राहिले नाहीत.

मणक्याच्या आत नेमकं काय होतं?

मेंदूपासून खाली येणारा मज्जारज्जू मणक्यांच्या हाडांच्या नळीत असतो. त्याच्याभोवती एक जाड आवरण असतं. हे आवरण आणि हाड यांच्यामध्ये एक अरुंद फट असते, तिच्यात थोडी चरबी आणि बारीक शिरांचं जाळं असतं. या फटीला एपिड्युरल जागा म्हणतात. इथे पू झाला की त्याला स्पायनल एपिड्युरल अॅब्सेस म्हणायचं.

जंतू तिथे पोहोचतो कसा? बहुतेक वेळा रक्तातून. कातडीवरचं गळू, केसतोड, पायाची चिघळलेली जखम, लघवीचा संसर्ग, डायलिसिसची नळी, हाताला बरेच दिवस राहिलेली सलाइनची सुई, अशा ठिकाणाहून जंतू रक्तात उतरतो आणि मणक्यात जाऊन घर करतो. सर्वांत जास्त वेळा सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस, तोच जो साध्या गळवात असतो. कधी तो थेट शिरतो, म्हणजे मणक्यात दिलेलं इंजेक्शन किंवा मणक्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर. काही रुग्णांत जंतू कुठून आला ते शेवटपर्यंत सापडत नाही. मधुमेह, दारूचं व्यसन, किडनी किंवा लिव्हरचा जुना आजार, कर्करोगाची औषधं, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड, नशेची इंजेक्शनं, यांपैकी काही असेल तर धोका वाढतो.

आता हातावर झालेलं गळू बाहेर फुगू शकतं, त्याला जागा असते. मणक्याच्या नळीत जागाच नसते. चारी बाजूंनी हाड. पू वाढला की दबणार ते मज्जातंतूच. पाठीच्या मधल्या भागात ही नळी जास्तच अरुंद असते. शिवाय पूमुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, त्यांच्यात गुठळ्या होतात आणि मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून हा आजार आठ-दहा दिवस हळूहळू चालत येतो आणि शेवटी एका रात्रीत पाय घेऊन जातो. दाब काढता येतो, पण रक्ताविना मेलेला मज्जारज्जू परत जिवंत करता येत नाही.

चार पायऱ्या

१९४८ साली अमेरिकेतल्या ह्यूसनर नावाच्या डॉक्टरांनी या आजाराच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. आजही आम्ही त्याच वापरतो.

पहिली पायरी, मणक्यात एका ठरावीक जागी दुखणं. दुसरी, नसेच्या वाटेने जाणारी कळ. पू मानेत असेल तर ती हातात जाते, पाठीत असेल तर पट्ट्यासारखी छाती-पोटाभोवती फिरते, कंबरेत असेल तर पायात उतरते. तिसरी, अशक्तपणा, बधीरपणा आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. चौथी, पूर्ण लुळेपणा.

माझे रुग्ण पहिल्या सोमवारी पहिल्या पायरीवर होते, दुसऱ्या सोमवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या आणि शुक्रवारी पहाटे चौथ्या. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. प्रत्येक पायरीवर ते कुणा ना कुणा डॉक्टरसमोर बसलेले होते. मात्र प्रत्येकाच्या बाबतीत वेळापत्रक असंच असेल असं धरू नका. कुणाला पहिल्या पायरीवर दोन आठवडे लागतात, तर कुणी तिसरीवरून चौथीवर काही तासांत पोहोचतो. पुढची पायरी कधी येणार हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणूनच वाट बघायची नसते.

शस्त्रक्रियेनंतर माणूस चालेल का, याचं उत्तर मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं : शस्त्रक्रियेच्या आधी त्याच्या पायांत किती ताकद होती. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर निदान झालं तर बहुतेकदा पाय वाचतात. पूर्ण लुळेपणा येऊन २४ ते ३६ तास उलटून गेले तर ताकद परत येण्याची आशा फार कमी उरते. आणि माझ्या रुग्णाने दाखवून दिलं की त्या मुदतीच्या आत शस्त्रक्रिया झाली तरी खात्री नसते. खरी मुदत पाय जाण्याच्या आधीची आहे.

ताप नाही, म्हणून संसर्ग नाही?

पाठदुखी, ताप आणि पायांतला अशक्तपणा, ही तीन लक्षणं या आजाराची म्हणून पुस्तकात एकत्र लिहिलेली असतात. पण सुरुवातीला तिन्ही एकत्र सापडणारे रुग्ण थोडेच. बऱ्याच जणांना दवाखान्यात आले तेव्हा ताप नसतो. आपल्याकडे तर पाठ दुखली की माणूस आधी पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी घेऊनच येतो, आणि त्या गोळीने तापही उतरतो. त्यामुळे मी आता "ताप आहे का?" असं विचारत नाही. मी विचारतो, "गेल्या दोन आठवड्यांत कधी थंडी वाजली का? रात्री घाम येऊन कपडे ओले झाले का? शेवटची गोळी किती वाजता घेतली?"

दुसरी गोष्ट म्हणजे दुखण्याची जात. स्नायूची उसण आडवं पडलं, कूस बदलली, शेक घेतला की थोडी तरी सैल होते. मणक्यातल्या पूचं दुखणं पडून राहिलं तरी थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतं आणि रोज कालच्यापेक्षा वाढतं. मणक्याच्या त्या हाडावर मुठीने हलकं ठोकलं तर माणूस कळवळतो. ही तपासणी करायला अर्धा मिनिट लागतो. त्या सोमवारी मी ती केली नव्हती.

कुठली तपासणी, आणि किती घाईने?

साधा एक्स-रे इथे फसवतो. पू एक्स-रेत दिसत नाही, आणि हाड झिजल्याचं दिसायला आठवडे लागतात. "फोटो काढला, नॉर्मल आला" हे ऐकून निश्चिंत होऊ नका.

धोक्याचं कारण आहे, दुखणं संशयास्पद आहे, पण हात-पाय आणि लघवी पूर्णपणे ठीक आहे, अशा वेळी ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या दोन साध्या तपासण्या उपयोगी पडतात. त्या पनवेलमधल्या कुठल्याही लॅबमध्ये त्याच दिवशी होतात. या आजारात त्या जवळजवळ नेहमी वाढलेल्या असतात. माझ्या रुग्णाचा ईएसआर नंतर केला तेव्हा ९६ होता. पांढऱ्या पेशी मात्र नॉर्मल असू शकतात, त्यांच्यावर विसंबू नये. हे आकडे वाढलेले आले तर त्याच दिवशी एमआरआय. आणि पायांत अशक्तपणा, बधीरपणा किंवा लघवीची तक्रार आधीच सुरू झाली असेल, तर रक्ताच्या रिपोर्टचीही वाट बघायची नाही, थेट एमआरआय.

एमआरआयच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी असायला हव्यात. एक, पूर्ण मणक्याचा एमआरआय. जिथे दुखतं त्याच्या वर किंवा खाली पू असू शकतो, आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणीही असू शकतो. दुसरी, शक्य असेल तर कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेत औषध देऊन, कारण त्याने पूची पिशवी स्पष्ट उठून दिसते. किडनी कमजोर असेल तर हे औषध द्यायचं का हे डॉक्टर ठरवतील, पण त्या चर्चेत एमआरआय अडकता कामा नये. बिनाकॉन्ट्रास्टचा एमआरआयही खूप काही सांगतो. तिसरी गोष्ट म्हणजे 'तातडीचं, मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका' हे शब्द. हे शब्द वाचले की सेंटर परवाची वेळ देत नाही. एवढे शब्द मी लिहिले असते तर बुधवारी रात्रीच निदान झालं असतं, आणि बुधवारी रात्री ते चालत होते.

अंगात पेसमेकर किंवा धातूचं काही असेल तर ते आधी सांगा. एमआरआय शक्यच नसेल तर सीटी स्कॅनच्या वेगळ्या पद्धतीने काम भागवता येतं, पण तो दुसरा पर्याय.

निदान झाल्यावर

मज्जारज्जूवर दाब असेल तर बहुतेक वेळा मणक्याच्या मागच्या हाडाचा भाग काढून पू बाहेर काढावा लागतो. पू आणि रक्त कल्चरला पाठवतात, म्हणजे जंतू कुठला आणि त्याला कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळतं. शिरेतून अँटिबायोटिक साधारण सहा आठवडे, काही वेळा त्याहून जास्त चालतं. दुखणं थांबलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात इंजेक्शनं बंद केली तर पू परत होऊ शकतो. पू लहान आहे, पायांत पूर्ण ताकद आहे, अशा निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेशिवाय फक्त औषधांवर उपचार होऊ शकतात. पण ते रुग्णालयात, पायांची ताकद पुन्हा पुन्हा तपासत, आणि सर्जन तयार असताना. घरी नाही.

आपल्या देशात आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते, ती मणक्याच्या क्षयरोगाची. तिथेही पू होतो आणि पाय जाऊ शकतात, पण चाल सहसा संथ असते. महिनोन्महिने पाठदुखी, बारीक ताप, वजन उतरणं. म्हणून काढलेला पू क्षयाच्या तपासणीलाही पाठवायलाच हवा. आणि पाठ दुखते म्हणून तपासणीशिवाय अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू करणं चूक, कारण दुसराच जंतू असेल तर तेवढे दिवस फुकट जातात.

दुसऱ्या एका बाई

त्या घटनेनंतर तीन-चार वर्षांनी ६१ वर्षांच्या एक बाई आल्या. मधुमेह, महिन्यापूर्वी पायाच्या अंगठ्याला जखम होऊन चिघळली होती, ती आता भरत आली होती. पाच दिवसांपासून कंबर दुखत होती. ताप नव्हता, पण सकाळी पॅरासिटामॉल घेतलेली होती आणि परवा रात्री हुडहुडी भरली होती. मुठीने ठोकलं तेव्हा कंबरेच्या एका मणक्यावर त्या ओरडल्या. पायांत ताकद पूर्ण, लघवी व्यवस्थित. संध्याकाळी ईएसआर ८८ आला आणि सीआरपीही खूप वाढलेला. त्यांचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आई तर चालत आली आहे. एमआरआय सोमवारी केला तर चालेल ना?" शनिवार होता.

मी त्याला सांगितलं, "आई चालत आली आहे म्हणूनच आज करायचा." रात्री साडेदहाला पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. कंबरेत पू होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शस्त्रक्रिया, मग सहा आठवडे अँटिबायोटिक. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. त्या अजूनही जिना चढून येतात आणि वर आल्यावर गुडघे दुखतात म्हणून तक्रार करतात.

तुम्ही काय करायचं?

पाठ, मान किंवा कंबर दुखत असताना पुढच्यापैकी काही असेल तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका :

- मधुमेह, डायलिसिस, दारू, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं
- गेल्या महिन्या-दोन महिन्यांत गळू, चिघळलेली जखम, लघवीचा संसर्ग, रुग्णालयात दाखल होणं, मणक्यात इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया
- थंडी-ताप, रात्रीचा घाम, किंवा काही कारण नसताना वाढलेली शुगर
- पडून राहूनही न थांबणारं, रोज वाढणारं दुखणं

आणि पुढचं काही दिसलं तर अपॉइंटमेंट नको, दुसऱ्या दिवसाची सकाळही नको. पाय जड पडणं, अडखळणं, चप्पल निसटूनही न कळणं. पोटावरून खाली बोट फिरवताना एका ठरावीक रेषेनंतर स्पर्श वेगळा किंवा कमी लागणं. जांघेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसताना जिथे टेकतो तिथे बधीरपणा. लघवी न होणं, किंवा कळत नकळत थेंब थेंब गळणं, संडासवरचा ताबा जाणं. पाठदुखीसोबत लघवी तुंबली तर ती प्रोस्टेटची आहे असं घरी ठरवू नका.

अशा वेळी जिथे एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन दोन्ही आहेत अशा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात थेट जा. निघण्यापूर्वी फोन करून एमआरआय चालू आहे का ते विचारा, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरण्यात रात्र जाणार नाही. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे एवढंच सांगा, "यांना मधुमेह आहे, पाठ इतक्या दिवसांपासून दुखते, ताप येऊन गेला, आणि आज इतक्या वाजल्यापासून पाय जड आहेत. मणक्यात पू किंवा दाब नाही ना, हे आताच बघा." वेळ नक्की सांगा, कारण सर्जनचा पुढचा निर्णय त्या वेळेवर असतो. मधल्या काळात मालिश करून घेऊ नका, हाडं बसवणाऱ्याकडे जाऊ नका, आणि कुठलंही अनोळखी इंजेक्शन घेऊ नका.

आणि एक साधी गोष्ट. मधुमेह असेल तर केसतोड, गळू घरी दाबून फोडू नका.

माझे ते पहिले रुग्ण आजही माझ्याच उपचाराखाली आहेत. जिन्यामुळे ते येऊ शकत नाहीत, मीच दर महिन्याला त्यांच्या घरी जातो. शुगर आता उत्तम असते. मुलगा रिक्षा चालवतो. एकदा त्यांच्या पत्नीने चहा देताना विचारलं होतं, "डॉक्टर, त्या पहिल्या सोमवारीच कळलं असतं तर हे चालले असते का?" मी क्षणभर थांबलो. पहिल्या सोमवारी कळणं अवघड होतं, हे खरं आहे. पण दुसऱ्या सोमवारी कळायला हवं होतं, हेही तितकंच खरं आहे. मी त्यांना तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मग दुसऱ्यांना तरी सांगा."

म्हणून हा लेख.